शून्याचा लॉग निघत नाही

१८०५ मध्ये लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने धूमकेतूंच्या कक्षा काढण्यावर एक पुस्तक लिहिले आणि त्याच्या परिशिष्टात न्यूनतम वर्ग पद्धत मांडली. चार वर्षांनी गाउसने त्याच पद्धतीला संभाव्यतेचा आधार दिला. खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीतून एकच कोन पुन्हा पुन्हा मोजतात. प्रत्येक मोजणीत थोडी चूक होते, ती कधी जास्तीची तर कधी कमीची असते, आणि कोन लहान असो की मोठा, चुकीचा आवाका साधारण तेवढाच राहतो. अशा मोजमापांतून उत्तम सरळ रेषा कशी काढायची, याचे उत्तर त्या दोघांनी दिले आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे ते पुरलेही. मात्र एकोणिसाव्या शतकातली सरकारी दफ्तरे, रुग्णालये आणि शेतकी केंद्रे वेगळ्याच जातीचे आकडे जमवत होती. या वर्षी किती माणसे दगावली, शंभरांपैकी किती किडे मेले, एका चौकोनात किती तणे उगवली, असे ते आकडे होते. मोजदादीचा आकडा शून्याच्या खाली जात नाही. तो पुष्कळदा नेमका शून्यच असतो. शिवाय सरासरी वाढली की त्याचा पसाराही वाढतो. गाउसच्या कोनाला यांपैकी एकही गुण नव्हता. सरळ रेषेची पद्धत या नव्या आकड्यांपर्यंत कशी पोचली, त्याचा हा इतिहास आहे. माझ्या मते त्याची किल्ली एका साध्या निर्णयात सापडते: आकड्यांना हात लावायचा नाही, रूपांतर करायचे ते त्यांच्यामागच्या सरासरीचे. हा निर्णय का घ्यावा लागला आणि त्याला इतका उशीर का झाला, हे त्या आकड्यांमधल्या शून्याकडे पाहिले की उमगते.

मोजदादीचे गणित मुळात १८३७ सालापासून उपलब्ध होते. पॉयसाँने न्यायालयांतील निवाड्यांच्या संभाव्यतेवर लिहिलेल्या ग्रंथात विरळ घटनांच्या संख्येचे सूत्र येऊन गेले होते, पण त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १८९८ मध्ये लाडिस्लाउस फॉन बोर्टकीविच याने ते सूत्र एका छोट्या पुस्तकात प्रत्यक्ष आकड्यांवर चालवून दाखवले. त्यातले सर्वांत गाजलेले कोष्टक प्रशियन लष्करात घोड्याची लाथ लागून मेलेल्या सैनिकांचे. दहा सैन्यविभाग आणि वीस वर्षे अशा २०० नोंदींत एकूण १२२ मृत्यू होते, म्हणजे एका विभागात वर्षाला सरासरी ०.६१. पॉयसाँच्या सूत्रानुसार २०० पैकी सुमारे १०९ नोंदींत एकही मृत्यू नसावा. प्रत्यक्षात १०९ नोंदी शून्याच्या निघाल्या. एक मृत्यू असलेल्या नोंदी ६६ असाव्यात, त्या ६५ होत्या. दोन मृत्यूंच्या २० असाव्यात, त्या २२ होत्या. या वितरणाची ओळख पटवणारी खूण अशी की त्याचे प्रचरण, अर्थात आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप, सरासरीइतकेच असते. या कोष्टकात दोन्ही ०.६१ च्या आसपास येतात. शून्य हा इथे अपवाद नव्हता, निम्म्याहून अधिक नोंदी शून्याच्याच होत्या आणि सूत्राने त्यांना बिनतक्रार सामावून घेतले. पण बोर्टकीविचच्या मांडणीत सगळ्या विभागांना आणि सगळ्या वर्षांना एकच सरासरी होती. घोडदळात सरासरी जास्त असेल का, वर्षागणिक ती घटत असेल का, हे प्रश्न त्या सूत्रात मांडायला जागाच नव्हती. मोजदादीचे वितरण एका बाजूला आणि कारणे तपासणारी सरळ रेषा दुसऱ्या बाजूला, अशी ही ताटातूट पुढे बरीच वर्षे टिकली.

या दोहोंची पहिली खरी गाठ घोड्यांमुळे पडली नाही, ती पिठातल्या भुंगेऱ्यांमुळे पडली. चेस्टर ब्लिस हा अमेरिकेच्या शेती खात्यातला कीटकशास्त्रज्ञ. मंदीच्या काळात १९३३ मध्ये त्याची नोकरी गेली आणि तो लंडनला रोनाल्ड फिशरकडे काम करायला आला. कीटकनाशकाची मात्रा वाढवत नेली तर किती किडे मरतात, हा त्याचा प्रश्न होता. १९३५ मध्ये छापलेल्या त्याच्या कोष्टकात पिठातले भुंगेरे पाच तास कार्बन डायसल्फाइडच्या वाफेत ठेवले होते. मात्रा आठ आणि भुंगेरे एकूण ४८१. सर्वांत कमी मात्रेला ५९ पैकी ६ मेले, सर्वांत जास्त मात्रेला ६० पैकी ६० मेले. मधले आकडे कागदावर मांडले की इंग्रजी एस अक्षरासारखी वळणदार रेषा दिसते, कारण प्रमाण शून्याच्या खाली किंवा एकाच्या वर जाऊ शकत नाही. ब्लिसने ही रेषा सरळ करण्यासाठी मृत्यूच्या प्रमाणाचे एका नव्या मापात रूपांतर केले आणि त्याला प्रॉबिट म्हटले. अडचण आली ती शेवटच्या मात्रेला. शंभर टक्के मृत्यूचा प्रॉबिट अनंत येतो, आणि अनंताला आलेखावर जागा नसते. मग जिथे एकही किडा वाचला नाही ती नोंद टाकून द्यायची? विषाबद्दल सर्वांत ठळकपणे बोलणारी नोंद तीच होती.

फिशरने ब्लिसच्या निबंधाला जोडलेल्या छोट्या परिशिष्टात याचे उत्तर दिले. परिशिष्टाचा विषयच मुळी एकही किडा न वाचलेली नोंद हा होता. फिशरचे म्हणणे असे की, प्रत्यक्ष दिसलेल्या प्रमाणाचे रूपांतर करूच नका. आधी अंदाजाने एक रेषा घ्या. त्या रेषेनुसार या मात्रेला किती टक्के मृत्यू अपेक्षित आहेत ते काढा. ही अपेक्षा ९९ टक्के असू शकते, पण नेमकी १०० कधीच नसते, म्हणून तिचा प्रॉबिट नेहमी सांत निघतो. मग दिसलेला आणि अपेक्षित आकडा यांतल्या फरकाने तो थोडा दुरुस्त करा, अशा दुरुस्त आकड्यांना योग्य वजने देऊन नवी रेषा काढा, आणि रेषा स्थिरावेपर्यंत हेच पुन्हा करा. हातयंत्रावर हे काम कंटाळवाणे होते, पण त्यात एकही नोंद टाकावी लागत नव्हती. १९४७ मध्ये डेव्हिड फिनीचे प्रॉबिटवरचे पुस्तक आले आणि त्याबरोबर तयार कोष्टकेही आली, त्यामुळे औषधशाळांत आणि कीटकशास्त्रात ही रीत रुळली. दरम्यान १९४४ मध्ये जोसेफ बर्कसनने प्रॉबिटऐवजी लॉजिट सुचवला, म्हणजे होण्याची शक्यता भागिले न होण्याची शक्यता, आणि त्या भागाकाराचा लॉग. प्रॉबिट बरा की लॉजिट यावर पुढे बरीच वर्षे वाद रंगला. 

साध्या मोजदादीच्या बाबतीत उलटी वाट धरली गेली. १९३६ मध्ये मॉरिस बार्टलेटने सुचवले की, शेतातल्या मोजदादीचे वर्गमूळ घ्यावे म्हणजे पसारा सगळीकडे सारखा होतो, आणि मग नेहमीची पद्धत निश्चिंतपणे वापरता येते. आकडे मोठे असले तर हे चांगले चालते, आणि संगणक नसलेल्या काळात याहून सोयीचे काही नव्हते. त्या पिढीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण वर्गमूळ घेतल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. खतामुळे तण दीडपट होते आणि कोळपणीने ते निम्मे होते, अशी कारणे गुणाकाराने काम करतात. त्यांची बेरीज करता यावी म्हणून लॉग घ्यावा लागतो, आणि शून्याचा लॉग निघत नाही. यावर सर्रास काढलेली पळवाट म्हणजे प्रत्येक आकड्यात एक मिळवून लॉग घेणे. तिची किंमत छोट्या उदाहरणातच दिसते. दोन चौकोनांत ० आणि १० तणे असतील तर सरासरी ५. एक मिळवून लॉग घेतले, त्यांची सरासरी काढून उलट फिरवली आणि मिळवलेला एक वजा केला, तर उत्तर येते सुमारे २.३. एकाऐवजी ०.१ मिळवले तर ते ०.९ होते. उत्तर तणांवर अवलंबून न राहता आपण मनाने मिळवलेल्या आकड्यावर अवलंबून राहू लागते. शून्य नसले तरी घोटाळा उरतोच. १ आणि ९ यांची सरासरी ५, पण लॉगच्या वाटेने गेले तर ३ येते. लॉगची सरासरी आणि सरासरीचा लॉग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेड येथे जुने शेती संशोधन केंद्र आहे. फिशरने १९१९ ते १९३३ अशी उमेदीची वर्षे तिथे काढली होती, आणि १९५४ मध्येच तिथे इलियट ४०१ हा संगणक आला होता. १९६८ मध्ये फ्रँक येट्सच्या जागी जॉन नेल्डर संख्याशास्त्र विभागाचा प्रमुख झाला. पिकाचे उत्पादन आणि खताची मात्रा यांचा संबंध सांगणाऱ्या व्यस्त बहुपदींवर त्याने आधी काम केले होते. ही समीकरणे सोडवताना जी वजनदार रेषा पुन्हा पुन्हा काढावी लागते ती किड्यांच्या प्रॉबिटसाठीही काढावी लागते, हे त्याच्या ध्यानात आले, आणि १९६८ च्या एका निबंधात त्याने दोन्ही विषय शेजारी मांडले. त्याच विभागात रॉबर्ट वेडरबर्न हा विशीतला संख्याशास्त्रज्ञ काम करत होता. दोघांनी मिळून १९७२ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात पंधरा पानांचा निबंध लिहिला. सामान्यीकृत रेषीय प्रतिमान, संशोधकांच्या बोलीत जीएलएम, त्या निबंधातून जन्माला आले.

त्यांनी प्रत्येक प्रतिमानाचे तीन सुटे भाग केले. पहिला भाग आकडे कसे विखुरतात हे सांगतो: मोजलेली लांबी असेल तर गाउसचे वितरण, इतक्यांपैकी इतके असे असेल तर द्विपद, नुसती मोजदाद असेल तर पॉयसाँ, आणि काही धन राशींसाठी गॅमा. दुसरा भाग म्हणजे कारणांची साधी बेरीज: मात्रा गुणिले काही, अधिक वर्ष गुणिले काही, अशी. तिसरा भाग या दोघांना जोडतो, तो म्हणजे लिंक फंक्शन. सरासरीचे कोणते रूप त्या बेरजेइतके धरायचे, एवढेच तो ठरवतो. सरासरी जशीच्या तशी ठेवली की नेहमीचे रेषीय रिग्रेशन मिळते. संभाव्यतेचा लॉजिट घेतला की लॉजिस्टिक मिळते, आणि मोजदादीच्या सरासरीचा लॉग घेतला की पॉयसाँ रिग्रेशन. तोवर या तीन विषयांची पाठ्यपुस्तके, कोष्टके आणि तज्ज्ञही वेगळे होते. आता फरक उरला तो दोन खुंट्या कुठे बसवायच्या एवढाच, एक वितरणाची आणि एक लिंकची.

या सगळ्यांना एकाच गणिताने उत्तर मिळते, हा निबंधाचा दुसरा अर्धा भाग. आणि ते गणित म्हणजे फिशरच्या परिशिष्टाचेच व्यापक रूप आहे. पॉयसाँच्या बाबतीत ते असे चालते. एका नोंदीची सध्याची अपेक्षित सरासरी μ असेल आणि दिसलेला आकडा y असेल, तर y चा लॉग न घेता log(μ) + (y − μ)/μ हा कामचलाऊ आकडा घ्यायचा, त्याला μ इतके वजन द्यायचे, या आकड्यांतून सरळ रेषा काढायची, तिच्यावरून नवा μ काढायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. साधारण चार-पाच फेऱ्यांत उत्तर स्थिर होते. आता y शून्य आहे असे धरा. सूत्रातून येते log(μ) − १. हा साधा, सांत आकडा आहे. आकड्यांचाच लॉग घेण्याच्या वाटेवर जिथे गाडी अडत होती तिथे इथे अडथळाच उरत नाही, कारण लॉग सरासरीचा घेतला आहे आणि विरळ घटनेची सरासरी कितीही लहान असली तरी शून्य नसते.

यात नवे काय होते, असा आक्षेप घेता येतो आणि तो पोकळ नाही. फिशरकडे ही रीत १९३५ मध्येच होती. १९५२ मध्ये डाइक आणि पॅटरसन यांनी लॉजिटवर अनेक कारणांची बेरीज करून दाखवली होती. साठच्या दशकात कोष्टकांतल्या मोजदादींसाठी लॉग-रेषीय प्रतिमाने येऊ लागली होती. नेल्डर आणि वेडरबर्न यांनी फक्त जुन्या गोष्टी एका यादीत लावल्या, असे म्हणता येईल. पण ही यादी लावल्याने काय बदलले ते पाहिले पाहिजे. तोवर प्रॉबिट ही विषाच्या प्रयोगाची रीत समजली जाई आणि लॉजिट ही तिच्याशी भांडणारी दुसरी रीत. आता दोन्ही एकाच जागेवर बसणारे पर्याय झाले, आणि कोणता बसतो हे आकड्यांनाच विचारता येऊ लागले. ब्लिसच्याच भुंगेऱ्यांवर ही परीक्षा घेऊन पाहा. प्रतिमान आणि आकडे यांतले अंतर डेव्हिअन्स नावाच्या मापाने मोजतात. ते जितके कमी तितका मेळ चांगला. लॉजिटने ते ११.२ येते, प्रॉबिटने १०.१. पूरक लॉग-लॉग नावाचा तिसरा लिंक लावला तर ते ३.४ च्या जवळ उतरते. सर्वांत कमी मात्रेला प्रत्यक्षात ६ भुंगेरे मेले होते. लॉजिट तिथे साडेतीनचा अंदाज देतो, तिसरा लिंक साडेपाचच्या थोडा वर देतो. पहिल्या दोन लिंकांची एस-रेषा दोन्ही टोकांना सारखीच वळते, या भुंगेऱ्यांची मात्र तशी वळत नाही. हा तिसरा लिंक फिशरनेच १९२२ मध्ये, द्रावण पातळ करत सूक्ष्मजीव मोजण्याच्या प्रश्नात, वापरला होता. ज्या आकड्यांसाठी प्रॉबिट घडवला गेला त्यांनाच दुसरा लिंक अधिक शोभतो, हे आठच मात्रांवरून ठामपणे सांगू नये. पण हा प्रश्न विचारता येणे हीच नवी गोष्ट होती, आणि सगळे लिंक एकाच चौकटीत आल्याशिवाय तो विचारता आला नसता.

चौकटीची खरी कसोटी मोजदादीवर लागली. तिचे उत्तम उदाहरण पीटर मॅक्युलाह आणि नेल्डर यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आहे, ज्यावर पुढच्या पिढ्या शिकल्या. आकडे लॉइड्स रजिस्टर या जहाजांची तपासणी करणाऱ्या संस्थेचे आहेत. मालवाहू जहाजांच्या पुढच्या भागाला लाटांमुळे किती वेळा इजा झाली, याची ती मोजदाद आहे. जहाजांचे पाच प्रकार, अ ते इ म्हणू. बांधणीचे चार कालखंड, १९६० पासून पाच-पाच वर्षांचे. आणि वापराचे दोन कालखंड, १९६०–७४ आणि १९७५–७९. जहाजाचा सांगाडा किती मजबूत असावा याचे नियम ठरवायचे तर यांपैकी कशामुळे धोका किती वाढतो ते कळायला हवे. एकूण इजा ३५६, त्यांतल्या २५३ एकट्या ब प्रकाराच्या, आणि अ प्रकाराच्या फक्त ४२. नुसते पाहिले तर ब प्रकार धोक्याचा वाटतो. पण ब प्रकारच्या जहाजांनी मिळून १,३८,३१७ महिने समुद्रात काढले होते आणि अ प्रकारच्या जहाजांनी ९,४८९. हजार महिन्यांमागे हिशेब केला तर ब ला १.८ इजा आणि अ ला ४.४. मोजदादीचा आकडा किती संधीतून आला हे न पाहता त्याच्याबद्दल बोलणे हीच यातली नेहमीची चूक, आणि पॉयसाँ रिग्रेशनमध्ये तिच्यावरचा उपाय प्रतिमानाच्या आतच बसवता येतो. बेरजेत महिन्यांचा लॉग घालायचा आणि त्याचा गुणक एकच ठेवायचा, म्हणजे महिने दुप्पट झाले की अपेक्षित इजा दुप्पट. या बांधलेल्या पदाला ऑफसेट म्हणतात.

उत्तरे लॉगच्या मापात येतात आणि बेरीज उलट फिरवली की ती गुणकांत वाचता येतात. ब प्रकाराचा सहगुणक −०.५४ आहे, म्हणजे बाकी सगळे सारखे असताना ब ला अ च्या ०.५८ पट इजा. कच्च्या दरांवरून हेच गुणोत्तर ०.४१ दिसत होते. यातला फरक बांधणीच्या काळाने पडतो. १९६५–६९ मध्ये बांधलेल्या जहाजांना १९६०–६४ च्या जहाजांच्या दुप्पट इजा होतात, १९७०–७४ च्या जहाजांना सुमारे सव्वादोन पट. आणि ब प्रकाराचा पुष्कळ वापर कमी धोक्याच्या जुन्या बांधणीत पडला होता. त्याचे श्रेय प्रकाराला जाऊ नये म्हणून सगळी कारणे एका बेरजेत घ्यावी लागतात. दुसऱ्या वापरकाळात धोका १.४७ पट झाला. या गुणकांवरून कोणत्याही घराचा अंदाज हाताने काढता येतो. १९६५–६९ च्या बांधणीची ब जहाजे पहिल्या काळात २८,६०९ महिने चालली. त्याचा लॉग १०.२६. त्यात मूळ पद −६.४१, प्रकाराचे −०.५४ आणि बांधणीचे ०.७० मिळवले की ४.०१ येतात, आणि ते उलट फिरवले की ५५. प्रत्यक्षात ५८ इजा झाल्या होत्या.

शून्ये इथेही आहेत, आणि ती दोन जातींची आहेत. १९६५–६९ च्याच बांधणीची क जहाजे पहिल्या काळात ७८१ महिने चालली आणि एकही इजा झाली नाही. प्रतिमानानुसार तिथे १.३ इजा अपेक्षित होत्या, आणि १.३ सरासरी असताना एकही घटना न घडण्याची शक्यता सुमारे २७ टक्के असते. म्हणजे हे शून्य अगदी साधे शून्य आहे, अशी आठ शून्ये कोष्टकात आहेत आणि सगळी हिशेबात घेतली आहेत. पण १९७५ नंतर बांधलेले जहाज १९७४ पर्यंत चालू शकत नाही. पाच प्रकारांची ही पाच घरे मुळातच अशक्य आहेत. आणि इ प्रकारातल्या एका घरात योगायोगाने एकही महिना नोंदलेला नाही. या सहा घरांतही शून्यच लिहिलेले असते, मात्र जिथे इजा होण्याची संधीच नव्हती तिथल्या शून्याला काही सांगायचे नसते. चाळीस घरांतून ती वगळून चौतीस उरतात. हा भेद कोणतेही सूत्र स्वतःहून करत नाही, तो कोष्टक तयार झाले कसे हे ठाऊक असणाऱ्या माणसाला करावा लागतो.

पॉयसाँ रिग्रेशनवरचा सर्वांत वजनदार आक्षेप इथेच पुढे येतो. प्रचरण सरासरीइतकेच असते ही अट बोर्टकीविचच्या सैनिकांनी पाळली, पण किती खऱ्या मोजदादी ती पाळतात? जहाजांनी पाळलेली नाही. चौतीस घरांत नऊ सहगुणक बसवल्यावर पंचवीस स्वातंत्र्यमात्रा उरतात. अट खरी असती तर फरकांच्या वर्गांची प्रमाणित बेरीज पंचविसाच्या आसपास यायला हवी होती, ती ४२.३ येते, म्हणजे अपेक्षेच्या १.६९ पट. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. एकाच जहाजाला पुन्हा पुन्हा इजा होऊ शकते आणि एकाच प्रकारची जहाजेही आतून सारखी नसतात, म्हणून आकडे सूत्राहून जास्त पसरतात. या जादा पसाऱ्याकडे दुर्लक्ष केले तर सहगुणक तेच राहतात, पण ते जितके खात्रीचे आहेत त्याहून जास्त खात्रीचे भासतात. वेडरबर्नने यावरचा इलाज १९७४ मध्येच मांडला होता. त्याच्यासमोर बार्लीच्या पानांवरच्या रोगाचे आकडे होते, प्रत्येक वाणाच्या पानाचा किती टक्के भाग रोगाने व्यापला याचे. ही कशाचीच मोजदाद नव्हती, त्यामुळे पॉयसाँही नाही आणि द्विपदही नाही. त्याने दाखवले की पूर्ण वितरण ठाऊक नसले तरी चालते. सरासरी बदलली की प्रचरण कसे बदलते एवढे सांगता आले की तेच गणित चालवता येते. याला अर्ध-लाइकलिहूड म्हणता येईल. जहाजांच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की प्रचरण सरासरीच्या १.६९ पट धरायचे आणि सहगुणकांच्या प्रमाण चुका त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे १.३ ने, वाढवायच्या. दुसऱ्या वापरकाळाचा १.४७ हा गुणक त्यानंतरही टिकतो. वितरणाचे नाव गळून पडले तरी चौकट उभी राहते, हे दाखवणारा हा निबंध आला तेव्हा वेडरबर्न सत्तावीस वर्षांच्या आत-बाहेर होता. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, कीटकाच्या दंशाची तीव्र ॲलर्जी होऊन त्याचा मृत्यू झाला.

निबंधापेक्षा वेगाने पसरली ती आज्ञावली. ग्लिम नावाचा संगणक कार्यक्रम १९७४ मध्ये बाहेर पडला. वापरणाऱ्याने वितरण आणि लिंक सांगायचे आणि बाकी गणित एकाच यंत्रणेने करायचे, अशी त्याची रचना निबंधातूनच आली होती. ज्या काळात संगणकाची स्मृती तोकडी होती त्या काळात चार विषयांसाठी चार कार्यक्रम लिहिण्यापेक्षा एक लिहिणे ही मोठीच बचत होती. सिद्धान्ताच्या एकीकरणाला या व्यवहारानेही बळ दिले. आज आर या भाषेत तीच रचना जशीच्या तशी दिसते. जहाजांचे वरचे सगळे गणित एवढ्यात होते:

```
library(MASS)
glm(incidents ~ type + factor(year) + factor(period)
      + offset(log(service)),
    family = poisson, data = ships, subset = service > 0)
```

यातला `poisson` हा शब्द `quasipoisson` केला की वेडरबर्नची दुरुस्ती लागू होते. आणि `subset` चा शेवटचा तुकडा म्हणजे त्या सहा निरर्थक शून्यांना बाहेर ठेवणे.

या सोयीचा तोटाही झाला, असे म्हणणारे चुकत नाहीत. वितरणाचे नाव लिहिले की आज्ञावली त्याचा ठरावीक लिंक न विचारता लावते, द्विपदाला लॉजिट आणि पॉयसाँला लॉग. गणिताच्या दृष्टीने हे लिंक सोयीचे आहेत. पण लॉग लिंक घेतला की कारणे एकमेकांना गुणतात असे आपण मान्य केलेले असते, आणि सरासरी जशीच्या तशी ठेवली की ती एकमेकांत मिळवली जातात असे. अ प्रकारचे जहाज आणि वाईट बांधणीचा काळ एकत्र आले तर दोन्हींचे धोके एकमेकांना गुणतात की नुसते एकमेकांत मिळवले जातात, हा समुद्राबद्दलचा प्रश्न आहे आणि लिंक निवडताना त्याचे उत्तर गृहीत धरले जाते. क प्रकारच्या, १९७०–७४ मध्ये बांधलेल्या जहाजांच्या पहिल्या वापरकाळाच्या घरात हे नीट दिसते. तिथे सुमारे दीड इजा अपेक्षित होती आणि प्रत्यक्षात सहा झाल्या. पसाऱ्याची दुरुस्ती केल्यावरही हा फरक मोठाच उरतो. प्रकार आणि बांधणी यांचा परिणाम प्रत्येक जोडीत सारख्याच पटीने होत नसेल, किंवा त्या थोड्या जहाजांपैकी एखादेच वारंवार दुरुस्तीला येत असेल. चौतीस घरांच्या बेरजेतून यांतले कोणते खरे ते कळत नाही. त्यासाठी प्रत्येक जहाजाची वेगळी नोंद लागेल.

तरीही १९७२ आधीच्या आणि नंतरच्या पद्धतींत निवड करायची झाली तर ती अवघड नाही. आधी गृहीतके आकड्यांवर केलेल्या संस्कारांत दडून राहत. एक मिळवला की अर्धा, शंभर टक्क्यांची नोंद टाकली की नव्व्याण्णव लिहिले, हे बहुधा तळटीपेत जाई आणि उत्तर मात्र त्यावरच हलत असे. नंतर आकडे जसे मोजले तसेच राहिले, आणि गृहीतके तीन ठिकाणी उघडी पडली: वितरणात, बेरजेत आणि लिंकमध्ये. प्रत्येकाला वेगळे आव्हान देता येते, प्रत्येकाची वेगळी तपासणी आहे. पुढच्या पन्नास वर्षांत झालेले विस्तार याच फटींतून आले. १९८६ मध्ये लियांग आणि झेगर यांनी एकाच रुग्णाच्या पुन्हा पुन्हा घेतलेल्या, परस्परांवर अवलंबून असलेल्या नोंदी या चौकटीत आणल्या, त्या वेडरबर्नच्याच कल्पनेचा आधार घेऊन. त्याच वर्षी हेस्टी आणि टिबशिरानी यांनी सरळ बेरजेच्या जागी वळणदार रेषांची बेरीज बसवली. वितरण, बेरीज आणि लिंक हे भाग सुटे असल्यामुळेच त्यांतला एक बदलताना बाकीचे मोडावे लागले नाहीत.